आमची वाटचाल: रतीब, तूप आणि शनिवारची पोस्ट

सासवडजवळच्या आमच्या गोठ्यात म्हशी आहेत आणि थोड्या संकरित गाई. सासऱ्यांच्या काळापासून दूध गावातल्या संकलन केंद्रावर जायचे. तिथे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक, बघून भाव मिळायचा आणि आपले दूध पुढे कोणाच्या घरी जाते ते कधी कळायचे नाही. २०२० च्या टाळेबंदीत हडपसरच्या ओळखीच्या काही घरांनी थेट दूध मागितले आणि आम्ही दिवे घाट उतरून रतीब घालायला लागलो. पुढे त्या घरांनी शेजाऱ्यांना सांगितले, मग तूपही मागितले. दर शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पुढच्या आठवड्याची पोस्ट टाकायचे काम तेव्हापासून माझ्याकडे आहे.

पहिल्या पोस्टचा मसुदा धाकट्या दिरांनी केला होता. त्यात ‘शंभर टक्के शुद्ध’ होते. सासूबाईंनी वाचून विचारले, “म्हशीने काल काय खाल्लं ते तू बघितलंस का? पेंड कुठल्या गोदामात पडून होती ते तुला ठाऊक आहे का?” प्रश्न खरा होता. दुधात आम्ही पाणी घालत नाही, पावडर घालत नाही, एवढे छातीठोक सांगता येते. पण विकत आणलेल्या पेंडीत, वैरणीत काय काय उतरले आहे याची हमी गोठ्यात उभे राहून देता येत नाही. त्या दिवसापासून पोस्टमध्ये एकच पद्धत ठेवली: जे आम्ही स्वतः केले, पाहिले किंवा मोजले, तेवढेच लिहायचे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांतही ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ हे शब्द कधी वापरावेत ते ठरवून दिले आहे, आणि मे २०२५ मध्ये तर खाद्यपदार्थांवर ‘१०० टक्के’ लिहू नका, अशी सूचनाच प्राधिकरणाने काढली.

शुद्धतेचे वचन देता येत नाही, पण ताजेपणाचे देता येते, कारण ताजेपणा घड्याळ आणि थर्मामीटरने मोजता येतो. मात्र तो समजावून सांगताना पहिली अडचण आली ती वेळेचीच. ग्राहकांना वाटायचे, पहाटे धार काढली आणि ते दूध सकाळी दारात आले की झाले ताजे. प्रत्यक्षात कासेतून दूध निघते तेव्हा ते ३७-३८ अंशांवर असते. पहिले दोन-तीन तास दुधाच्या अंगच्या काही घटकांमुळे जिवाणू फारसे वाढत नाहीत. त्यानंतर कोमट दुधात ते झपाट्याने वाढतात. पहाटेचे दूध तसेच कोमट बाटलीत भरून घाट उतरवले, तर शेवटच्या घरी पोचेपर्यंत ही मुदत संपत आलेली असते. उलट आदल्या संध्याकाळी काढलेले आणि दोन तासांत ४ अंशांपर्यंत नेलेले दूध वयाने बारा ते पंधरा तासांचे असूनही तब्येतीने चांगले असते.

म्हणून आमच्या रतिबाला आदल्या संध्याकाळचे दूध जाते, आणि तसे पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलेले असते. सकाळचे दूध संकलन केंद्राला आणि तुपाच्या विरजणाला. ‘कालचे दूध’ वाचून सुरुवातीला काही जणांनी रतीब बंद केला. ते साहजिक होते. आम्ही वाक्य बदलले नाही. त्याच्यापुढे तापमान लिहायला लागलो.

पोस्ट कशी असते ते दाखवण्यासाठी गेल्या पावसाळ्यातली एक इथे देते:

“सोमवार ते रविवार. म्हशीचे दूध: संध्याकाळी साडेचार ते सहा या वेळेत काढलेले, आठच्या आत ४ अंशांवर, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत तुमच्या दारात. पाश्चराइज केलेले नाही, त्यामुळे आल्याबरोबर उकळा. या आठवड्यात फॅट ६.४ च्या आसपास आहे, मागच्या पंधरवड्यात ६.८ होते. हिरवा चारा पावसाने भिजलेला आहे, साय जरा पातळ येईल. एका म्हशीला दगडी झाली आहे. तिला औषध चालू आहे, तिचे दूध आपल्यात येणार नाही. त्यामुळे दोन लिटरवाल्यांना दीड लिटर मिळेल, एक लिटरवाल्यांचे पूर्ण. गाईचे तूप: शुक्रवारी कढवले, अर्ध्या किलोच्या अकरा बरण्या.”

यातली दगडीची ओळ बऱ्याच जणांना खटकली. आजारी जनावराचा उल्लेख जाहिरातीत कशाला, असे दीरही म्हणाले. पण दगडी, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार, दुभत्या गोठ्यात येतेच. रोज प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढून बघतो. गुठळी किंवा पाणचटपणा दिसला की ते जनावर वेगळे. प्रतिजैविक दिले की औषधाच्या वेष्टनावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेली मुदत संपेपर्यंत तिचे दूध विकायचे नाही, ओतून द्यायचे. तेवढे दूध त्या आठवड्यात कमी पडणारच. ते शेजारच्या गोठ्यातून आणून भरून काढता येते, त्यात गैर काही नाही, पण त्या दुधाची वेळ आणि तापमान मला माहीत नसते. म्हणून आम्ही कमी देतो आणि कमी का ते लिहितो. पैसेही तेवढेच कमी घेतो.

ताजेपणा मोजायची एक साधी चाचणी आम्ही घरात बसवून घेतली आहे, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर मिथिलीन ब्लूचे द्रावण घालायचे आणि नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. दुधातले जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरतात आणि निळा रंग उडतो. जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर जातो. पाच तास किंवा त्याहून जास्त टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर ते दूध विकण्यासारखे नाही. आमचा रंग बहुतेक वेळा पाच तासांपुढे टिकतो.

एकदा मात्र तो तीन तासांतच फिका पडला. फॅट नेहमीसारखे, लॅक्टोमीटर नेहमीसारखा, वास नाही, चवीत फरक नाही, उकळून फाटले नाही. म्हणजे या नेहमीच्या सगळ्या तपासण्यांत हे दूध पास होते. ‘शुद्ध’ म्हणून विकायला काहीच हरकत नव्हती. पण ते लवकर बिघडणार होते. मग एकेक जनावराचे दूध वेगळे तपासले, त्यात रंग टिकला. बादल्यांतून घेतले, टिकला. दूध थंड करायच्या कूलरच्या तोटीतून घेतलेल्या नमुन्यात उडाला. तोटी उघडली तर आतल्या रबरी रिंगेला बारीक चीर गेली होती आणि त्या चिरेत दुधाचा चिकट थर बसला होता. धुताना कॉस्टिकचे पाणी तिथपर्यंत पोचत नव्हते. रिंग बदलली, दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा पाच तासांवर गेला. त्या दिवशी ग्राहकांना संदेश गेला: आजचे दूध आल्याबरोबर उकळा, उद्यापर्यंत ठेवू नका. तेव्हापासून रिंग खराब व्हायची वाट न बघता आधीच बदलतो, आणि चाचणीचा आकडा पोस्टमध्ये येतो.

तुपाचे गणित वेगळे आहे. तूप कढवलेला पदार्थ, त्याला ‘ताजे’ म्हणणे मला पटत नाही. म्हणून तिथे फक्त कढवल्याची तारीख आणि वजन. गाईच्या दुधात फॅट ४ धरले तर शंभर लिटरमध्ये साधारण चार किलो स्निग्धांश असतो. विरजण लावून, घुसळून लोणी काढायच्या पद्धतीत त्यातला काही ताकात आणि बेरीत जातो. हाती तूप साडेतीन किलोच्या आसपास येते. म्हणजे एक किलोला अठ्ठावीस-एकोणतीस लिटर दूध. त्यामुळे बरण्या किती ते कढवून, गाळून, वजन झाल्यावरच लिहिते. आगाऊ नोंदणी घेत नाही. आणि वजन किलोतच लिहिते, कारण एक लिटर तूप सुमारे ९१० ग्रॅम भरते. अर्धा लिटरच्या बरणीला अर्धा किलो म्हणणे बरोबर नाही.

तूप कढवतात सासूबाईच. लोणी वितळून फेस येतो, बसतो, मग बुडबुडे मोठे आणि संथ होतात. बेरी बदामी झाली आणि विड्याचे पान टाकल्यावर ते चुरचुरून कुरकुरीत झाले की गॅस बंद. यातली खरी परीक्षा पाणी गेले की नाही ही आहे. पाण्याचा अंश राहिला तर तूप महिन्याभरातच खवट वास धरते. प्रमाणही अर्ध्या टक्क्याच्या आतच असावे लागते.

रवाळपणावरून मात्र दर हिवाळ्यात चर्चा होते. “मागचं तूप रवाळ होतं, या वेळचं गुळगुळीत का?” असा प्रश्न येतोच. रवा येतो तो तूप सावकाश थंड झाले तर. भरलेल्या बरण्या २८-३० अंशांच्या खोलीत रात्रभर हलवल्याशिवाय ठेवल्या तर मोठा रवा पडतो. थंडीच्या रात्री त्या लवकर निवतात, किंवा कोणी फ्रिजमध्ये ठेवतात, आणि तूप लोण्यासारखे घट्ट होते. तूप तेच असते. रंगाचेही तसेच: गाईला हिरवा मका आणि गवत भरपूर असेल तर पिवळेपणा वाढतो, कडबा चालू झाला की कमी होतो, म्हशीचे तूप पांढरेच राहते. म्हणून रवा किंवा पिवळा रंग ही शुद्धतेची खूण म्हणून आमच्या एकाही पोस्टमध्ये नाही. ‘ए-टू’ हा दुधातल्या प्रथिनाचा प्रकार सांगणारा शब्दही नाही, कारण आमच्या गाई संकरित आहेत आणि त्यांची तशी तपासणी आम्ही केलेली नाही.

घरातली तान्ही मुले किंवा गरोदर बाई यांच्यासाठी कोणी ‘कच्चेच दूध चांगले ना?’ असे विचारले, तर उत्तर नेहमी नाही असते. कितीही स्वच्छ धार काढली तरी जनावरांतून माणसात येणारे काही रोग डोळ्यांना दिसत नाहीत, आणि थंड करून त्यांचे जंतू मरतही नाहीत. उकळी हवीच.

रतीब एखाद्या दिवसासाठी थांबवायचा असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवावे लागते. त्याच वेळी धार संपते आणि किती दूध रतिबाच्या कूलरमध्ये ठेवायचे, किती विरजणाला द्यायचे ते ठरते. सहानंतर आलेला निरोप परवापासून लागू होतो, हेही प्रत्येक पोस्टच्या शेवटी लिहिलेले असते.