एक मे कव्हय शे?

नवं कॅलेंडर घरात आलं की मी आधी एप्रिल आणि मे चाळतो. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, कोणत्या पानावर पडली, ते पाहायचं. खान्देशात दिवाळीचं एक वेळ चालेल, पण आखाजीचा अंदाज चुकून चालत नाही. लेकी माहेरी यायच्या असतात, झोके बांधायचे असतात, घागर भरायची असते. परवा दुपारी असंच पान उलटताना एक मेच्या लाल चौकटीवर बोट थांबलं आणि आजी आठवली.

आजी दरवर्षी विचारायची, "यंदा झेंडावंदन कव्हय शे रे?"

"एक तारखेलाच, आजी."

"दरसाल तीच?"

तिला ते पटायचं नाही. सण म्हटला की तो कधी लवकर येणार, कधी लांबणार. इथे मात्र सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, शाळेत झेंडा, मग निकाल हातात आणि लगेच आमरसाचं घर गाठायचं. ना मागे, ना पुढे.

महाराष्ट्र सणासारखा उगवलाच नाही, तो कायद्याने झाला. 1960 च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमात 'नियत दिवस' म्हणून 1 मे 1960 लिहिलेला आहे. त्या मध्यरात्रीपासून खजिना, कर्ज, नोकर, कोर्टातले दावे सगळं दोन राज्यांत वाटलं जायचं होतं. आमच्या पश्चिम खान्देशातली काही गावंसुद्धा त्या दिवशी गुजरातेत गेली. हे काम तिथीवर कसं टाकणार? तिथी दुपारी अडीचलाही सुरू होते. पंचांगात सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, म्हणजे एखादी दोन दिवस टिकते, तर एखादी सूर्योदय न पाहताच संपते. पगार कुणी द्यायचा, हे अशा क्षय तिथीला विचारून बघा.

तरी एका राज्याने वाट बदलली. राजस्थान स्थापन झाला 30 मार्च 1949 ला, आणि त्या दिवशी चैत्र शुद्ध प्रतिपदा होती. आपला गुढीपाडवाच. 2025 मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की राजस्थान दिवस यापुढे या तिथीला साजरा करायचा. गंमत अशी, की त्या वर्षी पाडवा नेमका 30 मार्चलाच आला. भांडणाला जागाच नव्हती. पण 2026 चा पाडवा 19 मार्चला. वाढदिवस अकरा दिवस आधी. आजी असती तर म्हणाली असती, हे बरोबर.

मला मात्र आमच्या सालदाराचा हिशोब आठवतो. सालदाराचं साल आखाजी ते आखाजी. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून आखाजी दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, आणि मग धोंड्याचा महिना आला की एकदम पुढे उडी मारते. 22 एप्रिल 2023 ला ठरलेलं साल 10 मे 2024 ला संपलं. मधे अधिक श्रावण होता. बाबांनी मोबाइलवर मोजलं: 384 दिवस. रक्कम तीच, दिवस जास्त. पूर्वीचे सालदार बोलणी करण्याआधीच विचारून घ्यायचे, यंदा धोंडा आहे का, आणि असला तर चार पायली ज्वारी वाढवून मागायचे. आमच्याने विचारलंच नव्हतं. बाबांना ते टोचलं. माणूस हिशोबी, पण खोटा नाही.

ते म्हणाले, "भाऊ, आपण एक मे ते एक मे करू. धोंडा येवो न येवो, दिवस तेवढेच."

सालदार बराच वेळ झोक्याच्या दोराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "औंदा जास्त झाले, पुढच्या साली कमी होतील ना?"

कमी झालेही. 10 मे 2024 ते 30 एप्रिल 2025, 355 दिवस. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

"होतील," बाबा म्हणाले, "पण एक मे सोपं नाही का?"

"सोपं आहे," तो म्हणाला. "पण दादा, आखाजी एप्रिलात आली तर साल संपायच्या आधीच येईल. मग त्या दिवशी बैलांचं वैरणपाणी कोण करेल, मी का तुम्ही?"

बाबांनी मोबाइल खिशात टाकला आणि त्याला चार पायली ज्वारी जास्त दिली.