आमची वाटचाल : काजूगराच्या प्रती आणि दोन ईआरपी

वेंगुर्ला आणि कुडाळ यांच्या मधल्या पट्ट्यात आमचा काजू प्रक्रियेचा लहानसा कारखाना आहे. हंगामात चाळीसच्या आसपास माणसे कामाला असतात आणि पावसाळ्यात ती निम्म्यावर येतात. सुरुवातीची काही वर्षे बियांची खरेदी वहीत, गराचा साठा एक्सेलमध्ये आणि हिशेब अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, असा तीन ठिकाणचा कारभार चालला. खरेदी, साठा आणि हिशेब एकाच ठिकाणी ठेवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ईआरपी, घेण्याची वेळ आली ती १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर. शेतकऱ्याकडून न फोडलेली काजूबी घेतली की त्यावरचा कर शेतकरी भरत नाही, नोंदणीकृत खरेदीदाराला तो उलट आकारणीने भरावा लागतो. शिवाय तो आधी रोख खात्यातून भरायचा, त्याचे क्रेडिट नंतर मिळते. शेतकऱ्याकडे जीएसटी क्रमांक नसल्याने त्याच्या नावाचे बिलसुद्धा आपणच तयार करायचे. हंगामात दिवसाला तीस-चाळीस शेतकरी दोन-दोन गोणी घेऊन येतात, तेव्हा हे काम वहीत पेलवेना.

म्हणून २०१८ मध्ये आम्ही एका कंपनीचे व्यापारी ईआरपी घेतले. पाच जणांच्या वापराचा परवाना २ लाख ४० हजार रुपयांना पडला आणि त्यावर दरवर्षी १८ टक्के, म्हणजे ४३,२०० रुपये, देखभालीचे द्यावे लागत. या पैशांत मिळाले ते थोडे नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. कायद्यात बदल झाला की अपडेट आपोआप येई, उलट आकारणीच्या नोंदी आमच्यापैकी कोणीही न शिकता बरोबर पडत, आणि विवरणपत्राच्या आदल्या दिवशी फोन केला तर समोरच्या माणसाला आमचा प्रश्न आधीपासून ठाऊक असे. ज्या धंद्याची गरज इतर हजार धंद्यांसारखीच आहे, त्याला यापेक्षा अधिक काही लागत नाही.

आमची अडचण गराच्या प्रतीत होती, आणि ती समजण्यासाठी थोडा आकड्यांचा हिशेब पाहावा लागेल. समजा, १००० किलो बी १२० रुपये दराने घेतली आणि वाफवणे, फोडणे, वाळवणे, सोलणे या कामांवर ३० हजार रुपये खर्च झाले. एकूण दीड लाखात २५० किलो गर हाती आला. त्यात २४० नंबरचा अख्खा गर ६० किलो, ३२० नंबरचा ११० किलो, पाकळी ५० किलो आणि तुकडा ३० किलो. दीड लाखाला २५० ने भागले तर प्रत्येक किलो ६०० रुपयांना पडतो. तुकडा बाजारात ५०० ला जात असेल तर वजनाच्या हिशेबाने तो १०० रुपये तोट्यात दिसतो, आणि ९०० ला जाणारा २४० नंबर फुगलेला नफा दाखवतो. वास्तविक तुकडा वेगळा कोणी बनवत नाही, तो अख्ख्या गराबरोबर आपसूक येतो. त्यामुळे खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटणे रास्त. वरच्या मालाचे विक्रीमूल्य, ३२० नंबरला ८०० आणि पाकळीला ६५० धरून, एकूण १,८९,५०० होते. दीड लाख त्या प्रमाणात वाटले की २४० नंबर सुमारे ७१२ रुपये, ३२० नंबर ६३३, पाकळी ५१५ आणि तुकडा ३९६ रुपये किलोने पडतो. बेकरीवाल्याला तुकडा कितीपर्यंत सोडायचा, हे या शेवटच्या आकड्यावरून ठरते.

त्या ईआरपीत एका उत्पादनातून एकच मुख्य माल निघत असे, बाकीचा सगळा उपमाल, आणि उपमालाला आपण आधी भरलेला ठराविक दर. आम्ही बदल मागितला. त्याचा अंदाज ३५ हजार रुपये आणि दोन महिने असा आला. पैशांबद्दल तक्रार नव्हती, पण ते काम आमच्या हंगामानंतर पूर्ण झाले, आणि पुढल्या मोठ्या अपडेटनंतर तेच पुन्हा बसवण्यासाठी निम्मी रक्कम मागण्यात आली. हा त्यांच्या दृष्टीने वाजवी व्यवहार होता, कारण आमच्यासारखी मागणी करणारा त्यांचा दुसरा ग्राहक बहुधा नव्हता.

खरा धक्का १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळाने दिला. पत्रे उडाले, पाणी आत आले आणि कार्यालयातला सर्व्हर गेला. डेटाची प्रत घरी होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. नवीन संगणक आणून प्रत भरली, तेव्हा लक्षात आले की परवाना जुन्या यंत्राशी बांधलेला आहे आणि तो सोडवून देणे विक्रेत्याच्याच हाती आहे. वीज आणि नेटवर्क परत येईपर्यंत ते होणे शक्य नव्हते. नऊ दिवस आमचाच साठा आम्हाला पाहता आला नाही, आणि तोवर बिया वहीत लिहून घेतल्या.

त्या पावसाळ्यात आम्ही मुक्त स्रोतातल्या ईआरपींचा विचार सुरू केला आणि मुंबईच्या फ्रापे या कंपनीच्या ERPNext वर येऊन थांबलो. त्याचा परवाना जीपीएल असल्याने वापरासाठी माणशी फी नाही, मूळ कोड उघडा आहे आणि स्वतःच्या वापरापुरते केलेले बदल जाहीर करण्याचे बंधनही नाही. जानेवारी २०२२ मध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, आम्ही त्याची १३ वी आवृत्ती बसवली. साठ्यातील पुनर्बांधणीच्या नोंदीत एका मालातून अनेक माल काढता येत होते, पण वेगवेगळ्या मालांमध्ये खर्च वाटण्याची सोय तयार नव्हती. पुण्यातल्या एका तरुणाने ती चार दिवसांत करून दिली. दोन महिन्यांचे काम चार दिवसांत झाले म्हणून आम्ही त्याला पेटी पाठवली, आणि त्याने ते कसे केले हे विचारले नाही.

त्याने ते मूळ प्रोग्रॅमच्या फायलीत थेट लिहिले होते. वर्षभर सगळे सुरळीत चालले. मग तो परदेशी गेला आणि मार्च २०२३ मध्ये दुसऱ्या एका माणसाने किरकोळ अपडेट करायला घेतले. `bench update` ही अपडेटची आज्ञा दिल्यावर यंत्रणेने erpnext मध्ये नोंद न झालेले स्थानिक बदल आहेत म्हणून काम थांबवले आणि पर्याय सुचवले. त्यांतला `bench update --reset` त्याने निवडला. ही आज्ञा मूळ फायली जशाच्या तशा परत आणते, म्हणजेच त्यातले आमचे बदल पुसून टाकते. अपडेट यशस्वी झाले, पडद्यावर कुठेही चूक दिसली नाही.

दिसले ते अकरा दिवसांनी. आमच्या हिशेबनीस बाईंनी गराचा साठा काढला आणि विचारले, "दादा, बियेचो भाव चढलो, मग गराचो कसो हललो नाय?" खर्च वाटणारा भाग नसल्याने प्रत्येक प्रतीला जुनाच सरासरी दर लागत होता, आणि आत गेलेल्या बियांचे मूल्य व बाहेर आलेल्या गराचे मूल्य यांतला फरक Stock Adjustment या खात्यात साचत होता. त्या खात्यात एरवी काही शे रुपये असत, तिथे सव्वा लाखाहून अधिक जमले होते. तेव्हापासून हे खाते दर शनिवारी पाहायचे असा नियम आहे, कारण खर्चाच्या सूत्रात काही मोडले की पहिली खूण तिथेच उमटते.

दुरुस्तीच्या वेळी आम्ही शिकलो की स्वातंत्र्य दोन प्रकारे वापरता येते. मूळ कोड बदलणे हा त्यांतला महागडा प्रकार. दुसऱ्या प्रकारात स्वतःचे वेगळे ॲप ठेवायचे आणि मूळ प्रोग्रॅमला फक्त इतकेच सांगायचे की अमुक नोंद तपासण्याआधी आमचे सूत्र चालव. आमच्या ॲपच्या `hooks.py` या फायलीत त्यासाठी एवढेच आहे :

```python
doc_events = {
    "Stock Entry": {
        "before_validate": "kaju.costing.set_grade_rates"
    }
}
```

सूत्र स्वतः तीनशे ओळींच्या आतले आहे आणि ते कोडच्या वेगळ्या भांडारात राहते, त्यामुळे मूळ प्रोग्रॅम कितीही वेळा नवा केला तरी त्याला कोणी पुसत नाही. मात्र ते आपोआप चालत राहील अशी हमी त्यातून मिळत नाही. मूळ प्रोग्रॅमने एखाद्या रकान्याचे नाव किंवा क्रम बदलला तर सूत्र चुकते, आणि ते जुळवून घेण्याचे काम आपलेच असते. १४ व्या आवृत्तीत याचाच मोठा नमुना पाहिला. भारतीय जीएसटीचा भाग मूळ प्रोग्रॅममधून काढून India Compliance या स्वतंत्र ॲपमध्ये नेण्यात आला होता. ते ॲप न बसवता कोणी या आवृत्तीवर गेला असता तर त्याचा उलट आकारणीचा भाग गायब झाला असता. व्यापारी ईआरपीत अशी गोष्ट आमच्या कानावरही आली नसती.

आता खर्चाबद्दल. "फुकटचे सॉफ्टवेअर घेतलेत" असे गावात कोणी म्हटले की मी हा आकडा सांगतो. भाड्याच्या सर्व्हरचे महिना १,८०० आणि एका विकसकाशी केलेल्या कराराचे महिना ६,००० असे धरून वर्षाला ९३,६०० रुपये जातात, म्हणजे जुन्या देखभाल शुल्काच्या दुपटीहून अधिक. वेगळे ॲप लिहून घेण्याचे १ लाख ४० हजार एकदाच गेले, ते निराळे. हा बोजा आम्ही स्वीकारला तो केवळ गराच्या प्रतीसाठी. आमच्या शेजारचा मित्र तयार आमरसाच्या डब्यांचा फक्त व्यापार करतो. त्याने विचारले तेव्हा मी त्याला व्यापारी ईआरपीच घेण्यास सांगितले, कारण त्याला बदलायचे असे काहीच नव्हते आणि त्याच्याकडे शनिवारी खाते उघडून पाहणारे माणूसही नव्हते.

हल्ली मोठे अपडेट फक्त नोव्हेंबरमध्ये होते. आधी डेटाची प्रत वेगळ्या यंत्रावर भरतो. त्यासाठी `bench --site all backup --with-files` वापरतो, कारण `--with-files` न लावल्यास शेतकऱ्यांच्या पावत्यांचे फोटो बॅकअपमध्ये येत नाहीत. मग गेल्या हंगामातले दहा लॉट त्या यंत्रावर पुन्हा भरून प्रत्येक प्रतीचा दर जुन्या कागदाशी पैशापर्यंत जुळवतो. गेल्या वेळी नऊ लॉट जुळले आणि एकात पाकळीचा दर चार पैशांनी वेगळा आला. कारण शोधायला विकसकाला दीड दिवस लागला, आणि अपडेट आठवडाभर पुढे गेले.