डब्यातली टोपी

सोलापुरातल्या एका वाचनालयासाठी मी व्याख्यानांची टिपणं करते. रेकॉर्डिंग ऐकून आधी शब्दन् शब्द उतरवायचा, मग दोन पानांत सार काढायचं. त्या दिवशी हाती होतं एका निवृत्त इतिहास शिक्षकांचं व्याख्यान, विषय सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ. ऐंशी मिनिटं, साडेआठ हजार शब्द.

पहिल्या वाचनात मी काहीच खोडत नाही, नुसती वळणं शोधते. सर ‘आता दुसरं’ म्हणाले की समासात आकडा. ‘त्यावरून आठवलं’ म्हणाले की कंस उघडायचा, ‘असो, तर काय सांगत होतो’ आलं की मिटवायचा. सरांनी सुरुवात केली होती १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात झालेल्या चार फाशांपासून. तारखेप्रमाणे ते शेवटी यायला हवं. पण सर ‘हे का झालं?’ विचारत मागे मागे जात होते, म्हणून तो क्रम मी तसाच ठेवला. तेवढ्यावरच खूश होऊन कच्चं टिपण सरांना दाखवायला गेले.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला. “अगं, माझ्या आजोबांची टोपी कुठं गेली?”

मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालणं धोक्याचं, म्हणून गिरणीत जाताना आजोबा ती जेवणाच्या डब्यात लपवत. कंसातली गोष्ट, मी उडवली होती. पण चाळीस मिनिटांनी सर म्हणाले होते, “आता त्या डब्याकडे या.” त्यांचा तिसरा मुद्दाच तो होता: कायदा घरात, थेट डब्यापर्यंत शिरला. टिपणात तिसऱ्या आकड्याखाली एकच वाक्य उरलं होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती, खरं तर.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. ‘मार्शल लॉ का आला’ हे सरांनी तीनदा सांगितलं. मी पहिलं, सगळ्यांत लांबलचक उत्तर ठेवून बाकीची दोन गाळली. त्यात होतं, ‘दंगल झाली म्हणून.’ दुसऱ्यांदा त्यांनी तारखा मांडल्या: गोळीबार ८ मेला, मार्शल लॉ १२ मेला. तिसऱ्यांदा म्हणाले, नुसत्या दंगलीसाठी नव्हे. मधल्या दिवसांत पोलीस मागे हटले आणि स्वयंसेवकांनी शहर सांभाळलं, ते सरकारला झोंबलं. म्हणजे पुनरुक्ती नव्हतीच, सर स्वतःलाच दुरुस्त करत होते. मी नेमकं त्यांनी मागे टाकलेलं उत्तर छापायला निघाले होते.

घरी येऊन तिन्ही उतारे एकाखाली एक लावले. शेवटचा ठेवला, तारखा दुसऱ्यातून घेतल्या, पहिला गाळला. प्रत्येक कंस खोडण्याआधी त्यातला ठळक शब्द पुढच्या पानांत शोधला. ‘डबा’ तीनदा सापडला. दुसऱ्या कंसातलं ‘शेंगाचटणी’ पुन्हा कुठंच नाही, ती गेली.

टोपी दोन ओळींत बसली. सरांनी वाचून एवढंच विचारलं, “चटणी काढलीस होय?”