राक्षसाची दाढ

दुसऱ्याच्या कागदात डोकावायची मला वाईट खोड आहे. त्या दुपारी मी गेममास्टरच्या, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याच्या, शेजारी बसलो होतो आणि त्याचा पुठ्ठ्याचा पडदा माझ्या बाजूने जरा तिरका उभा होता. त्यामुळे मोह आवरायचा प्रश्नच नव्हता.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रंगला होता. यात प्रत्येकजण एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो. योद्धा बोलत होता, चोर त्याच्यावर कुरघोडी करत होता, मी मधूनमधून जादू करत होतो. आणि निसर्गाची जादू येणारी आमची ड्रुइड गप्प. तिची पाळी आली की एकच वाक्य: "मीपण यांच्यासोबत जाते." मागच्या खेपेला गेममास्टरने तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तू काय करतेस?" चार चेहरे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "काही नाही." अबोल माणसाला असा उघडा प्रश्न टाकला की त्याला सुचत असलेलंही सुचेनासं होतं.

या वेळी त्याने तिला काहीच विचारलं नाही. मधल्या सुट्टीत त्याने सगळ्यांचे पात्रांचे कागद "जरा बघतो" म्हणून गोळा केले आणि तिचा मात्र सावकाश वाचला. पात्राची पार्श्वभूमी: हर्मिट, म्हणजे एकांतात राहिलेली. त्याबरोबर तिला मेडिसिनचं कौशल्य आणि एक जादा भाषा मिळाली होती. तिने जायंट, म्हणजे राक्षसांची भाषा घेतली होती. कधी काळी कुठल्या हौसेने घेतली कोण जाणे, आजवर ती एकदाही वापरली नव्हती. पडद्यामागच्या वहीत लिहिलं होतं, "पूल. राक्षस. लढाई." त्याने लढाईवर काट मारली आणि बाजूला लिहिलं: दाढ.

सुट्टी संपली. पुलावर राक्षस उभा. योद्ध्याने तलवार उपसली, पण राक्षस हल्ला करेना. गालावर हात धरून तो नुसता गुरगुरत होता. "काय म्हणतोय?" चोराने विचारलं. "तुम्हाला कळत नाही," गेममास्टर म्हणाला, आणि एक घडी घातलेली चिठ्ठी ड्रुइडकडे सरकवून पुन्हा नकाशात डोकं घातलं. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिने चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"त्याची... दाढ दुखतेय," ती म्हणाली.

टेबल हसलं, पण आता सगळ्यांना तिच्याकडूनच ऐकायचं होतं. आधी ती "माझं पात्र त्याला बसायला सांगतं" असं लांबून बोलत होती. मग योद्धा मध्ये घुसला. हा बोलका गडी सगळं आपल्याकडे ओढणार असं मला वाटलं, तेवढ्यात गेममास्टर शांतपणे म्हणाला, "याचं डोकं कोणीतरी घट्ट धरायला हवं." योद्ध्याला काम मिळालं, तेही तिच्या हाताखाली. "हलू देऊ नकोस त्याला," ती म्हणाली. पात्रबित्र गळून पडलं होतं, आता ती स्वतःच बोलत होती.

फासा तिने सगळ्यांसमोर टाकला. वीस बाजूंच्या फाशावर पडले ७. शहाणपणाचे ३ आणि कौशल्याचे २ धरून १२. दाढ नीट निघायला १५ हवेत, असं वहीत लिहिलेलं मी पाहिलं होतं.

लहानपणी आमच्यात एक कच्चं लिंबू असायचं. त्याला बाद करत नसत, आणि म्हणूनच त्याने काही केलं तरी ते कुणी मोजत नसे. मी ते बरेच दिवस होतो. त्यातली दया अजून आठवते आणि नको वाटते. आता गेममास्टरने गुपचूप १५ चे १० केले असते, तर कुणाला कळलं नसतं. मला कळलं असतं.

त्याने आकडा बदलला नाही. "दाढ निघाली," तो म्हणाला, "पण राक्षसाची किंकाळी पार गडापर्यंत गेली. पहारेकरी जागे झालेत." तिचा फासा मोजला गेला होता. फक्त पूल फाशावर टांगलेला नव्हता. तो ओलांडायला मिळणार हे सुट्टीतच ठरलं होतं. फासा किंमत तेवढी ठरवणार होता. हे ज्याला आधी ठरवता येत नाही तो ऐन वेळी पडद्याआड आकडे खातो, आणि असं दोनदा झालं की खेळणाऱ्यांना वास लागतो.

मग गडाकडे पळताना, पहारेकऱ्यांना कसं चुकवायचं ते तिनेच सांगितलं. चिठ्ठीविना.

निघताना मी गेममास्टरला गाठलं. "राक्षसाची दाढ आधीपासून दुखत होती का रे?"

"हो तर," वही बंद करत तो म्हणाला. "चार वाजल्यापासून."

हे सगळं आधीच ठरवून खेळवणं झालं, खेळणाऱ्यांच्या हातात काय उरलं, असा वाद घालणारे भेटतील. मीही एरवी घालतो. पण पुढच्या डावात तिने योद्ध्याचं वाक्य मध्येच तोडलं, तो फुरंगटून बसला, आणि आता त्याच्या पात्राचा कागद गेममास्टर घरी घेऊन गेलाय.