अकरा बदाम आणि एक पुरी

पित्रांचा पंधरवडा चालू होता. आठवीचा विज्ञानाचा तास घ्यायला गेलो तर निम्मा वर्ग खिडकीला चिकटलेला. "सर, कावळा ट्रकखाली बदाम फोडायलाय!"

औसा तालुक्यातली आमची शाळा डांबरी रस्त्याला लागूनच आहे. आवारात देशी बदामाचं जुनं झाड. त्याची वाळकी बी फोडायची तर लेकरांनाही दगड घेऊन बसावं लागतं. मी खिडकीशी पोचलो तेव्हा रस्त्याच्या मधोमध चेंदामेंदा झालेली एक बी पडली होती आणि काळाकुळकुळीत डोमकावळा तिच्यातला गर टोचून काढत होता. पाठीमागून मोटारसायकल आली, तो दोन उड्या मारून बाजूला झाला, ती गेल्यावर परत आला.

"बघा, किती हुशार हाय. मुद्दाम गाडीखाली टाकला त्यानं," खिडकीतला पोरगा म्हणाला.

या 'मुद्दाम'पाशी मी अडलो. जपानमधल्या सेंडाई शहरातले कावळे वाहनांखाली अक्रोड ठेवून फोडून घेतात, हे तिथल्या संशोधकांनी १९९५ साली नोंदवून ठेवलं आहे आणि ते जगभर गाजलं. पण दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे डॅनियल क्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न नीट मोजून पाहिला. तिथलेही कावळे रस्त्यावर अक्रोड टाकत होते. संशोधकांचा प्रश्न साधा होता: गाडी येत असेल तर कावळा अक्रोड रस्त्यावरच सोडून उडतो का? गाडी नसताना सोडतो त्यापेक्षा जास्त वेळा? फरक सापडला नाही. म्हणजे तिथल्या कावळ्यांना गाडी नको होती, कडक जमीन हवी होती. गाडी मधे आलीच तर योगायोग.

हे सगळं फळ्यावर सांगून टाकता आलं असतं. पण कावळा समोर होता, तास माझा होता, आणि पुढचा तास ज्यांचा होता ते सर रजेवर. मी पुठ्ठ्यावर चार रकाने पाडून दिले: गाडी येतेय, रस्ता मोकळा, बदाम तिथेच सोडला, उचलून नेला. दोघांनी रस्त्याकडे बघायचं, एकाने लिहायचं. आवाज केला तर खिडकी बंद.

मधल्या सुट्टीपर्यंत कावळ्याने अकरा वेळा बी टाकली. त्यातल्या सात वेळा रस्ता मोकळा होता. उरलेल्या चार वेळा गाडी येत होती. त्यातल्या दोनदा त्याने बी तिथेच सोडली, दोनदा चोचीत घेऊन उडाला. ट्रकखाली बी सापडली ती फक्त सकाळचीच, आमची मोजणी सुरू होण्याआधीची. खिडकीतल्या पोराचं तोंड पडलं. मी त्याला सांगितलं, अकरा नोंदींवर तू चूक ठरत नाहीस आणि बरोबरही ठरत नाहीस. सेंडाईचे कावळे एक करत असतील, डेव्हिसचे दुसरं, आपला तिसरंच. त्याला ते फारसं पटलं नाही. मलाही शाळेत असताना पटलं नसतं.

गंमत अशी की 'हा कावळा साधाच निघाला' म्हणून ज्यावर पोरं नाराज होती, त्या साध्या टाकण्यातच खरा हिशेब असतो. मी दोघांना वरच्या गॅलरीतून एकेक बी मैदानात आणि खालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर टाकायला लावली. मैदानात पावसाने मऊ झालेल्या काळ्या मातीत ती नुसती रुतून बसली. कट्ट्यावर टणकन उडाली, फुटली मात्र नाही, पण टोकाशी केसाएवढी चीर दिसली. डांबर म्हणजे कावळ्याचा कट्टाच. आता उंची किती ठेवायची? जास्त उंच गेलं तर फुटायची शक्यता वाढते, पण दर वेळी वर चढायला ताकद जाते आणि माल उसळून भलतीकडे जातो. क्रिस्टल यांनी पॉल स्विट्झर यांच्यासोबत १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कावळे टणक जातीचा अक्रोड जास्त उंचावरून टाकताना दिसले. खाली कडक जमीन असेल तर कमी उंची पुरायची. आणि तोच अक्रोड पुन्हा पुन्हा टाकताना उंची कमी कमी होत जायची. आम्हाला दिसलेली ती चीर इथे कामाला आली: कवच प्रत्येक आपटण्याने थोडं कमजोर होतं, मग पूर्ण उंची कशाला चढायची?

कावळा मनातल्या मनात गणित मांडतो, असं मी म्हणत नाही. अनुभवातून हात बसावा तसं हे असू शकतं. पण समोरची वस्तू, खालची जमीन आणि आधीचं आपटणं या तिन्ही गोष्टी त्याच्या वागण्यात उतरतात, एवढं नक्की.

सुट्टीत खिचडी खाऊन पोरं परत माळवदाकडे बघत उभी. शाळेच्या भिंतीला लागून एक जुना वाडा आहे. त्यातल्या आजींनी माळवदावर पत्रावळीत घास ठेवला होता. एक गावकावळा आला, राखाडी मानेचा. पुरी उचलून तो माळवदाच्या कडेला गेला, मातीच्या भेगेत ती चोचीने दाबली आणि वरून वाळकं पान ओढलं. खाल्ली नाही. खालून आजी हात जोडून म्हणाल्या, "नेला बाई घास." मी काही बोललो नाही.

कावळ्याच्या कुळातले बरेच पक्षी असं अन्न एकेका जागी थोडं थोडं दडवतात. एक जागा लुटली गेली तरी बाकीच्या राहतात. पण मग सगळ्या जागा लक्षात ठेवणं आलं, आणि कुठे काय ठेवलं तेही. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये याच कुळातल्या स्क्रब जे पक्ष्यांना अळ्या आणि शेंगदाणे दडवू दिले. चार तासांनी सोडलं तर पक्षी आवडीच्या अळ्यांकडे जात. पाच दिवसांनी, अळ्या तोवर सडतात हे अनुभवाने कळलेले पक्षी, शेंगदाण्यांकडे जात. वासावर जात असतील या शंकेपायी परीक्षेच्या वेळी दडवलेलं अन्न काढून टाकलेलं होतं. म्हणजे काय, कुठे आणि किती वेळापूर्वी, हे तिन्ही त्यांना आठवत होतं.

मी हे सांगत असताना पोरांपैकी एक मुलगी माझं ऐकतच नव्हती. "सर, लिंबावर दुसरा बसलाय." खरंच होता, आणि पुरी दडवली तेव्हापासून बसलेला असणार. तो उडून गेल्यावर थोड्याच वेळात पहिला परत आला, पान बाजूला सारून पुरी काढली आणि पलीकडच्या पत्र्याच्या शेडवर, दगडाखाली सरकवली.

एका पुरीवरून काही सिद्ध होत नाही. कदाचित पहिली जागा त्याला आवडली नसेल. पण स्क्रब जेंवर हाच प्रयोग २००१ मध्ये झाला आहे. दडवताना दुसऱ्याने पाहिलं असेल तर पक्षी एकटे राहिल्यावर माल नव्या जागी हलवत. खरी मेख पुढे होती. ज्यांनी स्वतः कधी दुसऱ्याचा माल चोरला होता तेच हलवत. ज्यांनी नुसतं दुसऱ्यांना दडवताना पाहिलं होतं, चोरी केली नव्हती, ते जवळजवळ हलवतच नसत.

ती मुलगी शेडकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी हा पण चोरच हाय की, सर."

घंटा झाली. पुठ्ठ्यावर तिने पाचवा रकाना आखला होता: कोण बघतंय.