सागाच्या पाचोळ्यातील अन्नसाखळी: पावसाळ्यातील नोंदी

मार्चमध्ये गळलेली सागाची पाने जाळीच्या पिशव्यांत भरून पहिल्या पावसाआधी जमिनीवर ठेवली होती. त्यांतील काही पिशव्या आता उघडल्या आहेत. पाने निवडताना केवळ अखंड पानेच घेतली, कारण साग हिरवा असतानाच युटेक्टोना नावाच्या पतंगाच्या अळ्या शिरा सोडून मधला भाग खातात, आणि अशी जाळीदार झालेली पाने पिशवीत गेली तर तो विघटकांचाच प्रताप वाटतो.

पाचोळ्यातील प्राणी वेगळे करण्यासाठी बर्लेसे-टुलग्रेन नरसाळे वापरले. वर मंद बल्ब, मध्ये चाळणीवर पाचोळा आणि खाली 70 टक्के अल्कोहोलची बाटली अशी ही रचना असून, पाचोळा वरून सुकत जातो तसे प्राणी ओल शोधत खाली उतरतात. येथे घाई मुळीच करू नये. जास्त वॅटच्या बल्बने पाने झपाट्याने सुकतात व स्प्रिंगटेल हे नाजूक त्वचेचे, कीटकांसारखे पण पंख नसलेले सूक्ष्म प्राणी वाटेतच मरतात. बाटलीत ओरिबाटिड माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले कठीण कवचाचे सूक्ष्म जीव, भरपूर आणि स्प्रिंगटेल जवळजवळ नाहीत असे दिसले, तर दोष जंगलाचा नसून बल्बचा असण्याची शक्यता आधी तपासावी.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते स्प्रिंगटेलच्या आतड्याचे निरीक्षण. लॅक्टिक आम्लात शरीर पारदर्शक केल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यात बुरशीचे गडद तंतू आणि बीजाणू स्पष्ट दिसले, पानाचे तुकडे मात्र क्वचितच. सागाच्या पानातील लिग्निन व सेल्युलोज बहुतेक प्राण्यांना स्वतःहून पचवता येत नाही. बुरशी ते फोडते, भोवतालचे नायट्रोजन स्वतःच्या तंतूंत साठवते, आणि स्प्रिंगटेल खातात ते प्रामुख्याने हे तंतू. म्हणजे पान आणि प्राणी यांच्यामध्ये बुरशीची एक पूर्ण पायरी आहे.

पुढची पायरी दाखवणे अधिक कठीण आहे. मेसोस्टिग्माटा गटातील शिकारी माइट भक्ष्याचे द्रव शोषून घेतात, त्यामुळे त्यांच्या आतड्यात ओळखण्याजोगे काहीच उरत नाही. म्हणून प्लास्टर व कोळशाची पूड यांच्या ओलसर थरावर जिवंत स्प्रिंगटेल आणि असे माइट एकत्र ठेवले, तेव्हा माइटने स्प्रिंगटेलला जबड्यांत धरून शोषल्याचे प्रत्यक्ष पाहता आले. बशीत दोघांनाही पळायला जागा नसते, त्यामुळे यावरून कोण कोणाला खाऊ शकते एवढेच कळते; जंगलात ते किती वेळा घडते, हे नाही.

त्याच पाचोळ्यात गोम, छोटे कोळी आणि सापसुरळी दिसतात, आणि पावसाळ्यात येणारा नवरंग पक्षी तेथेच पाने उलथवून गांडुळे व किडे टिपतो. उरलेल्या पिशव्या पाऊस संपल्यावर, पाचोळा सुकू लागताना उघडणार आहे; त्या वेळी स्प्रिंगटेल घटल्यावर शिकारी माइट किती काळ टिकतात, हे पाहायचे आहे.