माळेत तंबाखू येत नव्हती

तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, तुमची तंबाखू सुटली कशी? आम्ही दहा वेळा सोडली आणि दहा वेळा परत धरली."

याचं उत्तर माझ्या थोरल्या चुलत्यांपासून सुरू होतं. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. तिशीपर्यंत आप्पा दारू प्यायचे, रोज नसली तरी बाजारच्या दिवशी हमखास. मग एका कार्तिकीला पंढरपुरात, गावच्या दिंडीतल्या महाराजांच्या हातून त्यांनी माळ घातली. तुळशीची, १०८ मण्यांची. त्या दिवसापासून दारू नाही, मटण नाही, एकादशी चुकली नाही. पुढच्या चाळीस वर्षांत "आज दारूवर ताबा ठेवला" असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. लग्नात कुणी आग्रह करायला पुढं झालाच, तर बाजूचा माणूस परस्पर सांगायचा, "त्यांना नको, ते माळकरी आहेत." आप्पांना तोंडसुद्धा उघडावं लागायचं नाही.

हेच आप्पा आयुष्यभर तंबाखू खात राहिले. सोडायचा प्रयत्न त्यांनी अनेकदा केला. चातुर्मासात सोडायचे आणि चातुर्मास संपला की चंची परत कमरेला यायची. माणूस एकच, निग्रहही तोच. निकोटिनची पकड चिवट असते हे खरं, पण दारूही काही हलकी नव्हती. मला दिसलेला फरक असा की माळ घालताना आप्पांनी आपण कोण आहोत हेच बदलून घेतलं होतं, आणि त्या नव्या माणसाच्या नियमांत मांस-मद्य बसत नव्हतं. तंबाखूचं नाव मात्र त्या नियमांत नव्हतं. ती ते दर वेळी फक्त काही दिवसांपुरती सोडत होते.

हे मला फार उशिरा कळलं. मी एकोणीस वर्षं तंबाखू खाल्ली, दिवसाला नऊ-दहा वेळा. हायस्कुलात गणित शिकवतो, त्यामुळं दोन तासांच्या मधली पाच मिनिटं, दुपारचा डबा, संध्याकाळचा चहा, सगळ्या जागा ठरलेल्या. आधी चार वेळा सोडली होती. त्यातल्या तिसऱ्या वेळेबद्दल सांगतो, कारण ती 'यशस्वी' झाली होती. एका सहकाऱ्याशी शंभर दिवसांची पैज लागली. कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलं आणि रोज एक फुली मारत गेलो. शंभर दिवस पुरे झाले, पैज जिंकलो आणि एकशे एकाव्या दिवशी शाळेच्या मागं उभं राहून बार भरला. तेव्हा मी स्वतःला दुबळा म्हटलं. आज मला वाटतं, त्यात दुबळेपणाचा प्रश्न नव्हता. ते शंभर दिवस मी तंबाखू खाणाराच होतो, फक्त थांबलेला. फुल्या मारायच्या संपल्या तेव्हा थांबायचं कारणही संपलं.

पाचव्या वेळी, २०१४ साली, निमित्त दाताच्या डॉक्टरांचं झालं. मी जिथं बार धरायचो, त्या खालच्या ओठाच्या आत त्यांना पांढरा चट्टा दिसला. पुसून न जाणारा. असा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, पण पुढं काहींचा त्या वाटेनं जातो, आणि तंबाखू थांबवली तर बरेचसे चट्टे ओसरतात, असं त्यांनी नीट समजावलं. भीती वाटलीच. पण ती जास्तीत जास्त महिनाभर टिकते हे मला आधीच्या खेपांवरून माहीत होतं, म्हणून या वेळी तिच्यावर सगळा भार टाकायचा नाही असं ठरवलं.

सुरुवात बोलण्यापासून केली. स्टाफरूममध्ये डबी माझ्याकडं असायची. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना असलेली. चुना हवा असला की लोक माझ्याकडं यायचे, म्हणजे सवयीसोबत मला ते एक स्थानही मिळालं होतं. आधीच्या खेपांना मी म्हणायचो, "डॉक्टरांनी बंद केलीय," किंवा "सोडतोय." त्यावर समोरून ठरलेलं उत्तर यायचं, "एका चिमटीनं काय होतंय?" उत्तराला जागा मीच ठेवलेली असायची. बंदी डॉक्टरांची, मग ती मोडायची मुभाही आहे. सोडतोय, म्हणजे अजून सुटलेली नाही. या वेळी पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं, "मी तंबाखू खात नाही. डबी माझ्याकडं मिळणार नाही." वाक्य खरं होऊन तेव्हा जेमतेम चार तास झाले होते, आणि म्हणताना जीभ अडखळली. पण "खात नाही" याला पुढं कुणी काही बोलू शकत नाही. आप्पांच्या बाजूचा माणूस "ते माळकरी आहेत" म्हणायचा, त्याला तरी कोण काय बोलणार होतं?

या शब्दांच्या फरकावर संशोधन झालेलं आहे हे नंतर वाचलं. व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हाग्टव्हेट या दोघांनी २०१२ साली ते प्रसिद्ध केलं. मोह आला की "मला चालत नाही" असं स्वतःशी म्हणणाऱ्यांपेक्षा "मी खात नाही" म्हणणाऱ्यांनी निघताना समोर ठेवलेल्या चॉकलेटऐवजी पौष्टिक वडी अधिक वेळा उचलली. 'चालत नाही' म्हटलं की मनाई बाहेरून येते. 'खात नाही' म्हटलं की आपण स्वतःचं वर्णन करत असतो.

पण नुसत्या वाक्यानं शरीर ऐकत नाही, आणि हे मी आवर्जून सांगतो, कारण इथंच बरेच जण स्वतःला दोष देऊन बसतात. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, डोकं जड, वर्गात फळ्यावर साधी बेरीज लिहिताना लक्ष उडणं. दोन ते चार आठवड्यांत हे उतरत जातं. कुणी उघडपणे बोलत नाही अशी एक अडचण सकाळच्या शौचाची असते. तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही म्हणून दहाव्या दिवशी परत धरलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. ते खोटं बोलत नसतात, तंबाखू सुटली की बद्धकोष्ठता खरंच होते आणि काही आठवड्यांत जाते. मी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि थोडं चालणं यावर ते दिवस काढले.

डॉक्टरांना विचारून दोन मिलिग्रॅमचं निकोटिन गमही घेतलं. ते साध्या च्युइंगगमसारखं चघळत राहायचं नसतं. तोंडात चुणचुण सुरू होईपर्यंत हळूहळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चुणचुण गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. चहानंतर लगेच किंवा चहाबरोबर घेतलं तर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पंधरा मिनिटं तरी मध्ये जाऊ द्यावीत. तीन महिन्यांत एकेक कमी करत मी तेही थांबवलं. गम घेणारा माणूस 'खात नाही' कसा म्हणू शकतो, असं एकानं विचारलं होतं. मोडलेल्या पायाला प्लास्टर असलं तरी माणूस चालणाराच असतो, असं मी त्याला म्हटलं. कुणाशी बोलावंसं वाटलं तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. तिथं समुपदेशक ऐकतात.

आठव्या महिन्यात आप्पा गेले. दहाव्याला नदीवर, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे गोल करून उभे होते. शेजारच्या भावकीतल्या माणसानं मळून तळहात पुढं केला. मी चिमूट घेतली. विचार असा काही केलाच नाही, हात आपसूक गेला. घरी परतताना मनात एकच वाक्य फिरत होतं, 'म्हणजे मी खाणाराच आहे, आठ महिने नाटक केलं.'

स्वतःला नाव देण्यातला खरा धोका हा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत काम करताना हेच पाहिलं. "मदत करा" असं सांगितलेल्या मुलांपेक्षा "मदतनीस व्हा" असं सांगितलेली मुलं, मदत करताना काही बिघडल्यावर, पुढच्या खेपेला जास्त मागं सरली. काम फसलं तर फक्त काम फसतं. नाव फसलं तर आपणच खोटे ठरलो असं वाटतं.

त्या रात्री मला आप्पांचीच एक गोष्ट आठवली. मी लहान असताना एकदा खळ्यावर त्यांची माळ तुटली. मणी भुसात पांगले. मळणी थांबवून ते आणि मी कंदिलाच्या उजेडात मणी वेचत बसलो. माळ ओवून गळ्यात पडेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. पण "आता मी माळकरी राहिलो नाही" असंही ते म्हणाले नाहीत. तुटली म्हणून सकाळवर ढकलली नाही, आणि तुटली म्हणून सोडूनही दिली नाही.

मी उठून चूळ भरली, बायकोला झालेलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या भावकीतल्या माणसाला भेटून म्हटलं, "काल घेतली, पण मी खात नाही. पुढच्या वेळी हात पुढं करू नका." त्यानं मान हलवली. तेव्हापासून तो करत नाही.

हे आत मुरलं कधी, ते सांगतो. दुसऱ्या वर्षी एकदा स्वप्न पडलं की मी बार भरलाय, आणि घाबरून उठलो. सोडलेल्या बऱ्याच जणांना असं स्वप्न पडतं. शंभर दिवसांच्या पैजेत असं स्वप्न पडलं असतं तर मला फुकटात मिळाल्यासारखं वाटलं असतं. या वेळी आपल्या हातून भलतंच काही झालं असं वाटलं. आणि किती दिवस झाले हे विचारल्यावर हिशेब करावा लागायला लागला, तोही त्याच सुमाराला.

चट्टा ओसरला, तरी दर सहा महिन्यांनी तोंड दाखवून येतो. तिथल्या कागदावर तंबाखूपुढं तीन चौकटी असतात: होय, नाही, पूर्वी. मी 'पूर्वी'वर खूण करतो आणि शेजारी 'एकोणीस वर्षं' असं लिहितो, कारण डॉक्टरांना ते कळायलाच हवं. बाहेर येऊन स्टँडवर उभा राहतो. कुणीतरी ओळखीचा मळत असतो, सवयीनं तळहात माझ्याकडं वळवतो, आणि मी म्हणतो, "मी खात नाही."